विश्लेषण : सातबाऱ्यावरचा क्रमांक बदलला, तर जुने कर्ज नेमके कोणत्या जमिनीवर?

सर्व्हे नंबर, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल नंबर हे सगळे 'ओळख' म्हणून वापरले जातात. पण यांतला प्रत्येक क्रमांक बदलू शकतो किंवा दुसऱ्या कुणाकडेही सापडू शकतो. पतसंस्थेपासून ग्रामपंचायतीपर्यंत अनेकांच्या संगणकात मात्र हाच क्रमांक नोंदीचा पाया असतो. रायगडच्या किनारपट्टीवरच्या एका वाडीचे उदाहरण घेतले, की हा पाया कुठे खचतो ते स्पष्ट दिसते.

नागाव म्हणजे कोणते नागाव?

रायगड जिल्ह्यात नागाव नावाचे एक गाव अलिबाग तालुक्यात आहे आणि दुसरे उरण तालुक्यात. दोन्ही समुद्राकाठी. त्यामुळे 'नागाव, सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३' एवढेच लिहिलेला कागद पूर्ण पत्ता सांगत नाही. सर्व्हे नंबर गावापुरताच असतो. १२ नंबरचा सर्व्हे जवळपास प्रत्येक गावात सापडेल. आठ-अ उताऱ्यावरचा खाते क्रमांक गावापुरताच असतो आणि फेरफार क्रमांकही. माणसाला हे बोलण्याच्या ओघात कळते. संगणकाला जेवढे लिहून दिले तेवढेच कळते.

गावाच्या जोडीला तालुका आणि जिल्हा लिहिला तर प्रश्न सुटतो का? काही प्रमाणात सुटतो. पण नावेही स्थिर नसतात. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. ठाणे जिल्ह्यातले काही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. जिल्ह्याचे नाव ज्या यादीत ओळखीचा भाग आहे, त्या यादीत अशा एका निर्णयाने हजारो नोंदींची ओळख बदलते, पण जमीन मात्र जागची हललेली नसते. म्हणूनच अलीकडच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे कंसात एक आकडी कोड छापलेला असतो. गावाचे नाव किंवा तालुका बदलला तरी कोड तोच राहावा, हा त्यामागचा हेतू.

नॅचरल की आणि सरोगेट की म्हणजे काय?

डेटाबेसमध्ये प्रत्येक ओळीला एक खूण लागते, जिच्यावरून ती ओळ नेमकी सापडते. या खुणेला प्रायमरी की म्हणतात. कर्जाची यादी, पंचनाम्याची यादी, घरपट्टीची यादी या सगळ्या याद्या याच खुणेने एकमेकांना जोडलेल्या असतात.

ही खूण दोन प्रकारे निवडता येते. पहिला प्रकार म्हणजे व्यवहारात आधीपासून चालत आलेला क्रमांक वापरणे. सर्व्हे नंबर, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल नंबर अशा खुणेला नॅचरल की म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे संगणकाने स्वतःच एक अर्थहीन अनुक्रमांक देणे. उदाहरणार्थ ५००१. या आकड्यातून गाव कळत नाही, मालक कळत नाही, क्षेत्रही कळत नाही. ही सरोगेट की, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी उभी केलेली बदली खूण.

नॅचरल की सोयीची वाटते, कारण ती कागदावर दिसते आणि तोंडपाठ असते. तिची अडचण एवढीच, की ती बदलायची की नाही हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्याच्या हातात नसते. सर्व्हे नंबर महसूल आणि भूमी अभिलेख खात्याच्या कामकाजानुसार बदलतो. पतसंस्थेला कुणी विचारत नाही.

एका वाडीचे तीन तुकडे झाले तर?

समजा, अलिबाग तालुक्यातल्या नागावात सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ ही ३६ आर क्षेत्राची नारळ-सुपारीची वाडी आहे. (क्रमांक आणि पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) २०१९ मध्ये त्यावर स्थानिक संस्थेचे दीड लाखाचे कर्ज घेतले जाते आणि सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात बोजा चढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकते, झाडे आडवी होतात आणि वाडीचा पंचनामा होतो. २०२२ मध्ये तिघा भावंडांत वाटप होते.

जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार वाटप होते, मोजणी होते, आकारफोड पत्रक तयार होते. तलाठी फेरफार नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतींची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग १२/३ च्या जागी १२/३/१, १२/३/२ आणि १२/३/३ असे बारा-बारा आरचे तीन सातबारे तयार होतात. महसूल दप्तरात हा सगळा प्रवास फेरफाराच्या रूपाने नोंदलेला राहतो. गोंधळ तिथे नसतो. तो असतो बाकीच्यांच्या संगणकात.

संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्ज '१२/३' या खुणेवर नोंदलेले आहे. २०२४ मध्ये धाकटे भावंड १२/३/३ चा उतारा घेऊन नवे कर्ज मागायला येते. कर्मचारी हा क्रमांक टाकतो. उत्तर येते, नोंद सापडली नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही कर्जमुक्त, नवीकोरी जमीन आहे. उताऱ्यावरचा बोजा कुणी डोळ्यांनी वाचला तरच चूक टळते.

हे टाळण्यासाठी एखादा कर्मचारी जुन्या नोंदीतला क्रमांकच बदलतो आणि १२/३ खोडून १२/३/१ लिहितो. आता शोध लागतो, पण इतिहास खोटा होतो. दीड लाखाचे सगळे कर्ज २०१९ पासून थोरल्याच्याच बारा आरांवर होते, असे संगणक सांगू लागतो. तो तुकडा २०१९ मध्ये अस्तित्वातच नव्हता.

न बदललेला क्रमांक जास्त धोक्याचा का?

आता हेच उदाहरण थोडे फिरवून पाहू. समजा वाटपात मूळ १२/३ हा क्रमांक थोरल्याच्या तुकड्याकडेच राहिला आणि बाकी दोघांना १२/८ आणि १२/९ असे पुढचे हिस्से मिळाले. जमिनीचा काही भाग रस्त्यासाठी गेला आणि उरलेल्या भागाला जुनाच क्रमांक राहिला, तरी परिणाम हाच होतो.

या वेळी सॉफ्टवेअर कुठेच अडखळत नाही. १२/३ टाकले की नोंद सापडते, कर्ज दिसते, पंचनामा दिसतो. फक्त आधीचा १२/३ हा ३६ आरांचा होता आणि आताचा १२ आरांचा आहे. क्रमांक तोच राहिला, त्यामागची वस्तू बदलली. क्रमांक हरवला तर निदान 'सापडले नाही' असा निरोप येतो. इथे तोही येत नाही.

याचा हिशोब पुढच्या आपत्तीत दिसतो. संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने जुन्या यादीवरून नवी यादी तयार केली, तर १२/३ समोर जुने ३६ आर तसेच येतात. त्यात १२/८ चे १२ आणि १२/९ चे १२ मिळवले की बेरीज ६० आर होते. जमिनीवर वाडी ३६ आरांचीच आहे. निसर्ग वादळानंतर फळबागांसाठी राज्य सरकारने हेक्टरी ५० हजार रुपये मदत दिली होती. त्याच दराने गणित केले, तर १८ हजारांच्या जागी ३० हजारांची मागणी तयार होते. पडताळणीत हा फरक सापडला की संशय तिघांवर येतो आणि मदत तिघांचीही अडकते.

अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे. एका सर्व्हे नंबरच्या सर्व चालू हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राएवढी येते का, हे पाहायचे. बेरीज जास्त आली तर कुठेतरी जुना तुकडा अजून जिवंत आहे. कमी आली तर नवा तुकडा यादीत आलेलाच नाही.

एक्सेल यात काय घोळ घालते?

गावपातळीवरच्या बऱ्याच याद्या अजूनही एक्सेलमध्ये असतात आणि सर्व्हे नंबर लिहिण्याची आपली पद्धत एक्सेलच्या सवयींशी नेमकी टक्कर घेते. साध्या रकान्यात `12/3` टाइप केले की एक्सेल त्याला तारीख समजते आणि `12-Mar` दाखवते. रकान्यात मग मजकूर उरत नाही, तारखेचा अंतर्गत आकडा साठवला जातो. नंतर रकान्याचे स्वरूप बदलले तरी `12/3` परत येत नाही, पाच आकडी भलतीच संख्या दिसते.

हे टाळायला काही जण तिरक्या रेघेऐवजी टिंब देतात. मग हिस्सा १० साठी टाइप केलेले `12.10` हे एक्सेल `12.1` करून टाकते. म्हणजे १२ चा पहिला हिस्सा आणि १२ चा दहावा हिस्सा एकच झाले. दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या नोंदी एका खुणेखाली येतात. रकान्याचे स्वरूप आधीच 'टेक्स्ट' करून ठेवणे, किंवा सर्व्हे आणि हिस्सा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणे, एवढ्यानेही हा प्रकार थांबतो. '१२/३/अ', '१२/३अ' आणि '12/3A' हे तिन्ही एकच, हेही संगणकाला आपोआप कळत नाही. लिहिण्याची एकच पद्धत ठरवावी लागते.

सरोगेट कीने नेमके काय बदलते?

यावरचा उपाय म्हणजे जमीन आणि जमिनीचा क्रमांक या दोन गोष्टी वेगळ्या तक्त्यांत ठेवणे. जमिनीच्या तुकड्याला संगणक स्वतःचा अर्थहीन क्रमांक देतो. सर्व्हे नंबर हा त्या तुकड्याचा केवळ एक गुणधर्म होतो आणि त्याला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोन तारखा जोडल्या जातात.

```sql
CREATE TABLE plot_no (
  plot_id      BIGINT NOT NULL,
  village_code INT    NOT NULL,
  survey_no    TEXT   NOT NULL,
  hissa_no     TEXT   NOT NULL,
  valid_from   DATE   NOT NULL,
  valid_to     DATE
);
```

आपल्या उदाहरणात ३६ आरांची मूळ वाडी ५००१ झाली. २०२२ मध्ये ५००१ बंद होते आणि ७३१०, ७३११, ७३१२ असे तीन नवे तुकडे जन्माला येतात. एका छोट्या तिसऱ्या तक्त्यात '५००१ पासून हे तीन झाले' अशी वंशावळ लिहिली जाते. २०१९ चे कर्ज ५००१ वरच राहते, कारण ते खरोखर ५००१ वरच दिले होते. धाकटे भावंड ७३१२ चा उतारा घेऊन आले की सॉफ्टवेअर वंशावळीत एक पायरी मागे जाते आणि सांगते, या तुकड्याच्या मूळ जमिनीवर दीड लाखाचे कर्ज आहे. थोरल्याकडे १२/३ हा जुनाच क्रमांक राहिला असेल, तरी २०२२ पूर्वीचा १२/३ म्हणजे ५००१ आणि नंतरचा १२/३ म्हणजे ७३१०, हा फरक तारखांमुळे टिकतो.

ते दीड लाख तिघांत पन्नास-पन्नास हजार वाटायचे, की तिघांवर संयुक्त ठेवायचे, हे डेटाबेस ठरवू शकत नाही. तो निर्णय संस्थेचा, करारनाम्याचा आणि कायद्याचा आहे. पण असा निर्णय घ्यायचा आहे, हे समोर आणणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे.

इथे एक नियम पक्का ठरवावा लागतो. फक्त नाव बदलले, की वस्तूच बदलली? राज्याच्या अनेक भागांत एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जिथे जमिनीचा आकार तोच राहून केवळ क्रमांक बदलला, तिथे आतली खूण तीच ठेवायची आणि फक्त नव्या क्रमांकाची ओळ वाढवायची. जिथे दोन तुकडे एक झाले किंवा एकाचे तीन झाले, तिथे नवी खूण द्यायची. या नियमाशिवाय सरोगेट कीसुद्धा जुन्या सर्व्हे नंबरसारखीच गोंधळात टाकते.

मग फक्त सरोगेट की पुरेशी आहे का?

नाही, आणि इथेच अनेक नव्या सॉफ्टवेअरची फसगत होते. संगणकाला अर्थहीन क्रमांक द्यायला सांगितले की तो न विचारता देत राहतो. तीच वाडी दोन कर्मचाऱ्यांनी दोनदा नोंदवली, तर एकीला ५००१ आणि दुसरीला ५०४७ मिळेल. दोन्ही क्रमांक वेगळे, म्हणून संगणकाची काहीच तक्रार नाही. एका जमिनीवर दोन कर्जे निघतात आणि दोन्ही नियमात बसलेली दिसतात.

त्यामुळे आतली खूण अर्थहीन असली, तरी बाहेरच्या क्रमांकावर पहारा ठेवावाच लागतो. एका वेळी एका गावातला एक सर्व्हे-हिस्सा एकाच चालू तुकड्याचा असेल, असा नियम डेटाबेसमध्येच बसवता येतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये तो असा लिहितात :

```sql
CREATE UNIQUE INDEX one_live_no
ON plot_no (village_code, survey_no, hissa_no)
WHERE valid_to IS NULL;
```

यात शेवटची ओळ महत्त्वाची आहे. बंद झालेल्या जुन्या क्रमांकांना हा नियम लागू होत नाही, म्हणून १२/३ हा क्रमांक इतिहासात एकदा आणि आज एकदा असा राहू शकतो. आजच्या आज दोनदा मात्र राहू शकत नाही. ज्या सर्व्हेला हिस्साच नाही, तिथे रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावे लागते. रिकामे रकाने डेटाबेस एकमेकांसारखे धरत नाही आणि पहारा नेमका तिथेच चुकतो. वरच्या तक्त्यात `hissa_no` पुढे `NOT NULL` आहे ते याचसाठी.

सरकारने दिलेला एकमेव क्रमांक तरी भरवशाचा असतो ना?

मतदार ओळखपत्राचा अनुभव याचे उत्तर देतो. हा क्रमांक मतदाराला वेगळा ओळखता यावा म्हणूनच दिला जातो. तरीही दोन राज्यांतल्या दोन वेगळ्या मतदारांकडे एकच क्रमांक असल्याची उदाहरणे पुढे आली. मार्च २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने त्याचे कारण सांगितले. देशभरातील मतदार याद्या एका सामायिक संगणक प्रणालीवर येण्यापूर्वी क्रमांक देण्याचे काम राज्यांत वेगवेगळे आणि हाताने होत असे. काही राज्यांनी अक्षर-अंकांची एकच मालिका वापरली. क्रमांक सारखा असला तरी मतदाराचा तपशील, विधानसभा मतदारसंघ आणि मतदान केंद्र वेगळे आहे, त्यामुळे असे मतदार बनावट ठरत नाहीत, असेही आयोगाने स्पष्ट केले आणि अशा मतदारांना नवे, एकमेव क्रमांक देण्याचे जाहीर केले.

आयोगाच्या खुलाशात एक तांत्रिक धडा दडलेला आहे. ज्या राज्यात क्रमांक दिला गेला, त्या राज्यापुरता तो एकमेव होता. याद्या एकत्र येताच तो तसा राहिला नाही. दोन नागावांचे सर्व्हे नंबर तालुक्याच्या यादीत ठीक असतात आणि जिल्ह्याच्या यादीत आदळतात, तोच हा प्रकार. आणि दुरुस्ती म्हणून क्रमांक बदलला, की ज्या ज्या बाहेरच्या यादीने तो क्रमांक प्रायमरी की म्हणून घेतला असेल, तिथे नवा प्रश्न उभा राहतो.

मोबाइल नंबरची गत याहून वाईट. बंद झालेला नंबर ९० दिवसांच्या मुदतीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. सदस्याची ओळख मोबाइल नंबरवर बांधलेल्या संस्थेत उद्या अनोळखी माणसाला थकबाकीचा संदेश जाऊ शकतो.

भू-आधारने हा प्रश्न सुटेल का?

अलीकडच्या सातबाऱ्यावर `ULPIN` असा एक क्रमांक दिसतो. यालाच भू-आधार म्हणतात. केंद्राच्या योजनेत तो १४ अंक-अक्षरांचा असून जमिनीच्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला आहे. दोन नागावांचा घोळ यामुळे संपू शकतो, कारण देशातल्या दोन तुकड्यांना एकच जागा असू शकत नाही.

पण क्रमांक जागेवर आधारलेला आहे, म्हणजेच तो अर्थहीन नाही. वाडीचे तीन तुकडे झाले की कोपरे बदलतात आणि तुकड्यांना नवे क्रमांक लागतात. भू-आधार पुनरावृत्ती थांबवतो, बदल थांबवत नाही. जमिनीच्या बाबतीत बदल थांबवणे शक्यही नाही, कारण वाटण्या होतच राहणार. म्हणून भू-आधारलाही प्रायमरी की करू नये. सर्व्हे नंबरसारखाच तो तारखांसह एक गुणधर्म म्हणून साठवावा आणि संस्थेची आतली खूण वेगळी असावी.

संस्था आणि शेतकऱ्यांनी काय पाहावे?

पतसंस्था, विकास सोसायट्या आणि ग्रामपंचायतींनी सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला तरी पुरे आहे : उद्या १२/३ चे तीन हिस्से झाले, तर जुने कर्ज कुठे दिसेल, ते आत्ता करून दाखवा. 'आम्ही नंबर एडिट करून देतो' असे उत्तर आले, तर तिथे इतिहास खोडला जाणार आहे हे समजावे. ही तपासणी खर्चाची नाही आणि खरेदीच्या अटींत ती लेखी असायला हवी. आज सॉफ्टवेअर निवडणारे कर्मचारी उद्या बदलून जातील, पण वाटपानंतरच्या चकरा मात्र शेतकऱ्यालाच माराव्या लागतील.

शेतकऱ्याच्या बाजूनेही काही कागद जपण्यासारखे आहेत. वाटप झाल्यावर नवा सातबारा मिळाला, म्हणून जुना टाकून देऊ नये. ज्या फेरफाराने क्रमांक बदलला, तो फेरफार क्रमांक आणि त्याची प्रत हा जुन्या आणि नव्या क्रमांकातला एकमेव दुवा असतो. कर्ज, पीकविमा किंवा नुकसानभरपाईच्या अर्जात गावाच्या नावाबरोबर कोड, तसेच नवा क्रमांक आणि कंसात जुना क्रमांक लिहावा. वाटपानंतर बँकेला आणि सोसायटीला फेरफाराची प्रत स्वतःहून द्यावी आणि त्याची पोच घ्यावी. अनेक ठिकाणी या बदलाची खबर त्यांच्या संगणकापर्यंत पोहोचण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसतो.